पोटातला टॉवेल, रिकामा सिलिंडर आणि धोतऱ्याचं पान: डॉक्टरवर फौजदारी गुन्हा कधी होतो?

‘बाळंतिणीचा मृत्यू, डॉक्टरवर गुन्हा दाखल होईपर्यंत मृतदेह ताब्यात घेण्यास नकार.’ बीड, जालना, परभणी, हिंगोली, कुठल्याही जिल्ह्याच्या पानावर ही बातमी अधूनमधून असतेच. चार दिवसांनी त्याच पानाच्या कोपऱ्यात आणखी चार ओळी येतात: पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे, तज्ज्ञ समितीचा अहवाल आल्यावर पुढची कारवाई होईल. तोवर घरच्यांची खात्री पटलेली असते की डॉक्टरनं पोलिसांना मॅनेज केलं.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. अशी माणसं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी असते. त्यात सोनोग्राफीचे रिपोर्ट, मेडिकलची बिलं आणि चुरगळलेली डिस्चार्जची चिठ्ठी. प्रश्न एकच असतो: ‘साहेब, आमचं माणूस मारलं, मग अटक का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा लेख.

कायद्यात नेमकं काय लिहिलंय

जाणूनबुजून मारणं म्हणजे खून. डॉक्टरच्या हातून रुग्ण दगावला तर तो खून होत नाही, कारण मारण्याचा हेतूच नसतो. तिथे लागू होतं ते वेगळं कलम: बेदरकारपणे किंवा हयगयीनं कृती करून मृत्यूला कारण होणं. हयगय म्हणजे बातमीतला हलगर्जीपणा. जी काळजी घेणं भाग होतं ती न घेणं.

पूर्वी हे भारतीय दंड संहितेचं कलम 304-अ होतं आणि शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106 आलं. त्यात अशा मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. मात्र नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना असं घडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा जामीनपात्र आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ‘घोर’ हा शब्द ना जुन्या कलमात होता, ना नव्यात आहे. नुसती ‘हयगय’ एवढंच लिहिलंय. तरीही न्यायालय म्हणतं की डॉक्टरवर खटला चालवायचा तर हयगय घोर हवी. ती अट कुठून आली हे समजायला आपल्याच शहरातल्या एका प्रकरणापासून सुरुवात करू.

औरंगाबादचा टॉवेल

औरंगाबादचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, सरकारी रुग्णालय. जुलै 1963. एका बाईचं बाळंतपण सुखरूप झालं आणि 13 जुलैला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ताप आणि पोटदुखी सुरू झाली, ती थांबेना. आठवडाभराच्या आत दुसऱ्या डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडलं, तेव्हा आत रक्त टिपायचा टॉवेल सापडला आणि भोवती पू झालेला. 24 जुलैला ती गेली.

नवऱ्यानं नुकसानभरपाईचा दावा लावला. खालच्या न्यायालयानं 36,000 रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयानं ते रद्द केले आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा मंजूर केले. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं: टॉवेल आपोआप पोटात जात नाही. तो आत राहिला, यातच हयगय दिसते. आत कुणी कसा सोडला हे घरच्यांनी सिद्ध करत बसायची गरज नाही. आणि रुग्णालय सरकारचं, म्हणून पैसे सरकारनं द्यायचे.

हा दावा दिवाणी होता, म्हणजे तुमच्या चुकीनं माझं नुकसान झालं, भरून द्या. दिवाणी न्यायालयात तराजूचं पारडं एका बाजूला थोडं जरी झुकलं तरी दावा जिंकता येतो. फौजदारीत पारडं झुकून भागत नाही. वाजवी शंकेला जागाच राहता कामा नये. ‘टॉवेल सापडला, म्हणजे हयगय झालीच’ असा सरळ हिशेब दिवाणीत चालतो, पण तेवढ्यावर कुणाला तुरुंगात पाठवता येत नाही. तिथे एका विशिष्ट माणसाकडे बोट दाखवून त्यानं काय केलं आणि त्याची बेफिकिरी कोणत्या थराची होती, हे दाखवावं लागतं.

लुधियानाचा सिलिंडर

आजही प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्याचा हवाला दिला जातो तो निकाल 5 ऑगस्ट 2005 चा आहे: जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य. घटना फेब्रुवारी 1995 ची, लुधियानाच्या एका खासगी रुग्णालयातली. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या एका वृद्धाला रात्री अकराच्या सुमारास धाप लागली. मुलाच्या तक्रारीनुसार वीस-पंचवीस मिनिटं डॉक्टर आले नाहीत. दोन डॉक्टर आले, तोंडावर ऑक्सिजन लावला, पण सिलिंडर रिकामा. मुलगा शेजारच्या खोलीतून दुसरा घेऊन आला, तो जोडायची सोय नव्हती. पाच-सात मिनिटं गेली आणि रुग्णही गेला.

वाचताना राग येतो आणि तो रास्त आहे. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी त्यातल्या डॉ. जेकब मॅथ्यू यांच्यावरचा फौजदारी खटला रद्द केला. सिलिंडर भरलेला ठेवणं ही रुग्णालयाच्या व्यवस्थेची जबाबदारी आहे, त्यासाठी रुग्णालयाला दिवाणी मार्गानं जबाबदार धरता येईल. पण ते डॉक्टर उपचार करायला अपात्र होते, असा आरोपच नव्हता.

याच निकालात न्यायालयानं सांगितलं की कायद्यात शब्द नसला तरी डॉक्टरच्या बाबतीत हयगय ‘घोर’ अशीच वाचायची. कसोटी अशी: त्या परिस्थितीत शुद्धीवरच्या, सामान्य शहाणपणाच्या कुठल्याही डॉक्टरनं जे केलं नसतं ते यानं केलं का, किंवा जे सोडलं नसतं ते सोडलं का? आणि त्यातला धोका इतका उघड होता का, की अपाय होणार हे जवळपास दिसतच होतं?

आपल्याकडच्या लाइनमनचं उदाहरण घ्या. त्यानं डीपीवर फ्यूज नीट बसवला नाही आणि तुमची मोटार जळली, तर ती हयगय आहे, भरपाई मागा. पण सोबती खांबावर चढलेला आहे हे माहीत असताना, तो उतरला का हे न विचारताच त्यानं लाइन चालू केली, तर ती वेगळी गोष्ट. त्यानं समोरचं मरण बघूनही पाहिलं नाही. फौजदारी कायद्याला शिक्षा करायची आहे ती या दुसऱ्या माणसाला.

एकच बाळंतपण, तीन केसपेपर

हे प्रत्यक्षात कसं ओळखायचं? एक कल्पित प्रसंग घेतो. तालुक्याच्या गावातलं नर्सिंग होम, जिल्ह्याची रक्तपेढी 60 किलोमीटरवर. रात्री 1:50 ला बाळ झालं, वारही पडली, पण गर्भाशय आकसेना आणि रक्त जाऊ लागलं. बाळंतपणानंतर अर्ध्या लिटरपेक्षा जास्त रक्त जाणं हा धोक्याचा इशारा मानतात. ही अवस्था कुणाची चूक नसतानाही येते, आणि आली की मिनिटांचा खेळ असतो.

पहिला केसपेपर. 2:10 ला रक्तदाब 110/70. गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिनची सलाईन, दुसरी औषधं, सगळ्याच्या वेळा लिहिलेल्या. 2:40 ला रक्तदाब 90/60, नाडी 120, 108 ला फोन, रक्तासाठी चिठ्ठी. बाई रस्त्यात गेली. कुणी म्हणेल, दहा मिनिटं आधी हलवायला हवं होतं. कदाचित. पण एक डॉक्टर औषधाचा परिणाम बघायला थोडा थांबतो, दुसरा लगेच हलवतो, आणि दोघंही वैद्यकशास्त्राला मान्य असलेल्या वाटेनंच गेलेले असतात. हा अंदाजाचा फरक झाला. इथे दिवाणी हयगयसुद्धा नाही.

दुसरा केसपेपर. उपचार तेच आणि डॉक्टरही रात्रभर उशाशी उभे. पण बाईचं हिमोग्लोबिन 7 होतं, ते आठवडाभर आधीच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतं, आणि तरीही रक्तगट तपासून रक्ताची तजवीज केली नव्हती. काळजीपूर्वक काम करणाऱ्या डॉक्टरनं ती केली असती. इथे भरपाईचा दावा मजबूत आहे. पण मरू दे म्हणून कुणी सोडून दिलं, असं म्हणता येत नाही.

तिसरा केसपेपर. 2:10 ला डॉक्टर वरच्या मजल्यावर घरी गेले. 2:40 ला नर्सनं फोन करून रक्त जातंय असं सांगितलं. 3:05 ला पुन्हा: रक्तदाब 80/50, नाडी 140. उत्तर: सलाईन चालू ठेव, सकाळी बघतो. 3:30 ला फोन उचलला नाही. 4:50 ला बाई गेली. या डॉक्टरांना धोका माहीत होता, मध्ये फक्त एक जिना होता, आणि ते आले नाहीत. याला घोर हयगय म्हणतात.

तिसऱ्यातही काम संपत नाही. मृत्यू त्या हयगयीचाच थेट परिणाम होता, हे दाखवावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयानं 1902 मध्येच सांगून ठेवलंय की मृत्यू आरोपीच्या कृतीतूनच थेट आलेला हवा. त्यामुळे नर्सच्या फोनची नोंद, केसपेपरवरच्या वेळा आणि शवविच्छेदन, या तीन गोष्टींवर सगळं उभं राहतं.

‘जीव तर गेलाच ना? मग चूक लहान की मोठी, काय फरक पडतो?’

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे. त्याचा मान ठेवूनच उत्तर द्यायला हवं. ज्याचं माणूस गेलं त्याच्यासाठी फरक पडत नाही. फौजदारी न्यायालय मात्र नुकसानाचं माप घेत नाही, दोषी मनाचं माप घेतं. नुकसान मोजायला दिवाणी न्यायालय आहे.

दुसरी बाजू अशी की डॉक्टरसमोर येणारा माणूस आधीच संकटात असतो. तब्येत बिघडलेल्याला हात लावणं हेच त्याचं काम, आणि ते धोक्याशिवाय होत नाही. 1860 च्या दंड संहितेतही हे ओळखलं होतं: रुग्णाच्या संमतीनं, त्याच्या भल्यासाठी, सद्भावनेनं केलेल्या शस्त्रक्रियेत मृत्यूचा धोका होता आणि तो ओढवला, तर तो गुन्हा नाही, असं उदाहरण कायद्यातच दिलेलं आहे.

आणि तिसरी गोष्ट मराठवाड्यात राहणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. प्रत्येक वाईट निकालानंतर अटक होणार असेल, तर तालुक्याचा डॉक्टर अवघड बाळंतपणाला हातच लावणार नाही. दारातूनच सांगेल, अंबाजोगाईला न्या, घाटीला न्या. रस्त्यातल्या त्या दोन-तीन तासांत जे होईल त्याचा गुन्हा कुणावरच दाखल होणार नाही. 2005 च्या निकालात न्यायालयानं हेच म्हटलंय की भीतीनं थरथरणाऱ्या हातानं शस्त्रक्रिया होत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. मार्च 2022 मध्ये राजस्थानातल्या लालसोटला प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावानं एक बाई गेली. जमावाच्या दबावाखाली डॉक्टर महिलेवर थेट खुनाचं कलम लावलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी तिनं आत्महत्या केली. वरचा पहिला केसपेपर लिहिताना माझ्या मनात ती घटना होती.

‘डॉक्टरच डॉक्टरविरुद्ध अहवाल देणार का?’

जेकब मॅथ्यूच्या निकालानं पोलिसांना तीन बंधनं घातली. डॉक्टरविरुद्ध पुढे जाण्याआधी त्याच शाखेतल्या स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या. खासगी फिर्यादीतही अशा दुसऱ्या डॉक्टरचं विश्वासार्ह मत जोडलेलं हवं. आणि आरोप झाला म्हणून सरसकट अटक नको. तपासासाठी गरज असेल किंवा डॉक्टर पळून जाईल असं वाटलं तरच करा. म्हणून फाइल जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाते आणि तुम्हाला वाट बघावी लागते.

शंका खोटी आहे असं मी म्हणणार नाही. एकाच जिल्ह्यात शिकलेली, एकमेकांकडे पेशंट पाठवणारी माणसं असतात. मी असे अहवाल पाहिलेत ज्यात ‘उपचारात हलगर्जीपणा आढळून येत नाही’ एवढी एकच ओळ आहे. आणि उलटही पाहिलेत, ‘हलगर्जीपणा दिसून येतो’, कसा ते कुठेच नाही. दोन्ही निकामी. चांगल्या अहवालात दिसतं की अशा रुग्णाला काय करायला हवं होतं, प्रत्यक्षात किती वाजता काय केलं, फरक कुठे पडला, तो साध्या चुकीचा की बेपर्वाईचा, आणि तो नसता तर रुग्ण वाचला असता का.

अहवाल म्हणजे निकाल नाही, हे मात्र बहुतेकांना माहीत नसतं. तो फक्त मत आहे आणि न्यायालयावर बंधनकारक नाही. एका ओळीचा अहवाल आला तर कारणं मागा, दुसऱ्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयाचं मत मागा, दंडाधिकाऱ्यांकडे जा. माझं मत विचाराल तर घोर हयगयीचा नियम बरोबर आहे, पण तो नियम वापरायची आपली यंत्रणा कच्ची आहे, आणि लोकांचा राग खरं तर या कच्चेपणावर असतो.

‘ड्रायव्हरला पाच वर्षं, डॉक्टरला दोन, हा कुठला न्याय?’

यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. ड्रायव्हर धडधाकट माणसाला धोक्यात घालतो, डॉक्टर धोक्यातल्या माणसाला बाहेर काढायला जातो, असा सरकारचा विचार दिसतो. पण वर्षांच्या आकड्यापेक्षा उंबरठा महत्त्वाचा. गुन्हा सिद्ध व्हायलाच घोर हयगय लागते, ही डॉक्टरची खरी ढाल आहे, आणि ती घोर ठरली तर ढाल उरत नाही.

इंग्लंडमधला 1994 चा अदोमाको खटला बघा. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत श्वासाची नळी निसटली. भूल देणाऱ्या डॉक्टरला ती कित्येक मिनिटं दिसली नाही, यंत्राचा भोंगा वाजला तरी. सरकारी पक्षाच्या तज्ज्ञानं सांगितलं की सक्षम डॉक्टरच्या हे 15 सेकंदांत लक्षात आलं असतं. शिक्षा कायम राहिली.

बोगस डॉक्टरला ही सवलत आहे का?

नाही. दोन वर्षांची मर्यादा फक्त नोंदणीकृत डॉक्टरला आहे, ज्याची मान्य पदवी आहे आणि नाव नोंदवहीत आहे. गावात सलाईन लावत फिरणाऱ्याला पाच वर्षांचं कलम लागतं.

नीट माहिती नसलेलं औषध देण्याबद्दलचा जुना धडा 1965 चा आहे, मध्य प्रदेशातला. नारू झालेल्या बाईला होमिओपॅथ म्हणून नोंदणी असलेल्या एकानं स्ट्रॅमोनियमचे 24 थेंब आणि धोतऱ्याचं पान दिलं. स्ट्रॅमोनियम हाही धोतऱ्याचाच अर्क. ती मेली. धोतरा विषारी आहे हे आपल्याकडे गुराख्याच्या पोरालाही माहीत असतं. त्याचा परिणाम काय होईल याचा अभ्यास न करता तो पोटात देणं बेदरकार आणि हयगयीचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. हेतू मारण्याचा नव्हता म्हणून खून नाही, पण 304-अ लागलं.

मग घरच्यांच्या हातात काय उरतं

भरपाईसाठी ग्राहक आयोग आहे, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. सरकारी रुग्णालयातली सेवा पूर्ण मोफत असेल तर तिथे जाता येत नाही, दिवाणी दावा करावा लागतो. डॉक्टरच्या परवान्याबद्दल तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते. औरंगाबादच्या त्या नवऱ्याला 36,000 रुपयांसाठी 33 वर्षं गेली, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच कागद पहिल्या दिवशी मिळवायला सांगतो.

केसपेपर, नर्सच्या नोंदी, रक्तदाबाचा तक्ता, संमतीपत्र, यांच्या प्रती लेखी अर्ज करून मागा. मागितल्यापासून 72 तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि वेळेसह पोच घ्या. नंतर वेगळ्या शाईनं घुसवलेली ओळ त्या पोचेमुळेच पकडता येते.

आणि शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. ‘आता तिची आणखी चिरफाड नको’ म्हणून सही करून मृतदेह नेला जातो, हे मी वारंवार पाहिलंय आणि त्यामागचं दुःखही कळतं. पण तीन महिन्यांनी तीच माणसं पिशवी घेऊन माझ्यासमोर बसतात, आणि मृत्यू रक्तस्रावानं झाला की आणखी कशानं, हे सांगणारा एकही कागद त्या पिशवीत नसतो.